बाकी जुळते, प्रोव्हिजन मात्र कमी: फॉर्म्युला शेवटच्या ओळींपर्यंत पोचलाच नाही

लक्षण आधी सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. एक्सेलच्या शीटमध्ये एकही एरर दिसत नाही. एकूण बाकी लेजरशी दशांशापर्यंत जुळते. बेरजेचा फॉर्म्युला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंतचा आहे, तोही बरोबर. तरीही बाकीवरून काढलेला आकडा, मग ते व्याज असो, घसारा असो वा प्रोव्हिजन, अपेक्षेपेक्षा कमी येतो. दुरुस्त केलं की त्या महिन्यापुरतं ठीक होतं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

माझ्याकडे हे येणे बाकीच्या शीटमध्ये झालं, तेही लागोपाठ. शीट साधी आहे. `A` मध्ये बिल नंबर, `B` मध्ये ग्राहक, `C` मध्ये बिलाची तारीख, `D` मध्ये बाकी. हे चारही रकाने अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधून जसेच्या तसे येतात. पुढचे तीन माझे: `E` मध्ये बिलाला किती दिवस झाले, `F` मध्ये त्यानुसार दर, `G` मध्ये प्रोव्हिजन. महिनाअखेरची तारीख `J1` मध्ये.

```
E2: =$J$1-C2
F2: =IF(E2<=90,0,IF(E2<=180,10%,IF(E2<=365,25%,50%)))
G2: =ROUND(D2*F2,2)
```

नव्वद दिवसांच्या आतल्या बिलांना प्रोव्हिजन नाही, वर्षाच्या वर गेलेल्यांना निम्मी. दर आमचे आहेत, तुमचे वेगळे असतील. त्याने काही फरक पडत नाही.

त्या महिन्यात मी नेहमीप्रमाणे यादी आणून चिकटवली, ओळ 2 मध्ये तिन्ही फॉर्म्युले लिहिले, निवडले, कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनावर डबल क्लिक केलं आणि फॉर्म्युले सरसर खाली गेले. ओळ 204 मध्ये बेरीज होती. `D204` मधली एकूण बाकी 54,77,300. लेजरमध्येही तेवढीच. `G204` मध्ये प्रोव्हिजन 3,11,450. प्रिंट काढून सरांच्या टेबलावर ठेवली.

तासाभराने सरांनी बोलावलं. समोर प्रिंटचं शेवटचं पान होतं आणि एका ग्राहकाच्या नावावर पेन टेकलेलं.

"याची केस कोर्टात आहे ना?"

"हो सर, दीड वर्ष होत आलं."

"मग याच्यापुढे प्रोव्हिजन काहीच नाही, ते कसं काय?"

मी पटकन म्हणून गेले की प्रिंटमध्ये रकाना कापला गेला असेल. पण त्याच पानावर खाली बेरजेचा आकडा नीट छापलेला होता. रकाना जागेवर होता, फक्त त्या ओळीत कोरा होता. त्याच्या वरची ओळही कोरी होती, आणि तिच्या वरचीही.

आता प्रश्न असा की इतक्या ओळी कोऱ्या असताना माझ्या डोळ्यांना त्या दिसल्या कशा नाहीत. त्याचं उत्तर फॉरमॅटमध्ये होतं. `G` रकान्याला मी फार पूर्वी असा फॉरमॅट दिला होता:

```
#,##0.00;-#,##0.00;
```

शेवटच्या अर्धविरामानंतर काही नाही, म्हणजे शून्य असेल तर काहीच दाखवू नको. नव्वद दिवसांच्या आतली बिलं बरीच असतात, त्या सगळ्यांपुढे 0.00, 0.00 अशी रांग नको म्हणून ही सफाई. पण मग "हिशेब केला आणि शून्य आलं" आणि "हिशेबच केला नाही" या दोन्ही गोष्टी पडद्यावर हुबेहूब सारख्या दिसतात. `E` आणि `F` रकाने मी ग्रुप करून मिटवून ठेवले होते, नाहीतर तिथली पोकळी तरी नजरेत आली असती. शीट देखणी करायच्या नादात मीच दोन्ही खिडक्या बंद करून ठेवल्या होत्या.

जागेवर येऊन पहिली तपासणी केली ती `Ctrl`+`↓` ने. `G2` वर उभी राहून दाबलं, कर्सर `G187` वर थांबला. मग `D2` वरून दाबलं, तर तोही `D187` वर थांबला. दोन्ही सारखे. म्हणजे फॉर्म्युला तर डेटा जिथपर्यंत आहे तिथपर्यंत गेलाय, मग अडलंय कुठे? पाच-दहा मिनिटं मी दरांचा `IF` उलटसुलट वाचत बसले. तो अगदी ठीक होता.

`Ctrl`+`↓` शेवटच्या ओळीला नेत नाही, पहिल्या खंडाच्या टोकाला नेतो. यादीच्या मध्ये एक कोरी ओळ असेल तर तो तिच्या वरच थांबतो. म्हणून हा शोध नेहमी खालून वर घ्यावा. खूप खाली, समजा `D1000` वर जायचं आणि `Ctrl`+`↑` दाबायचं. कर्सर आधी बेरजेच्या ओळीवर, 204 वर आला. पुन्हा दाबलं, `D202` वर. मग तेच `G` मध्ये: आधी 204, पुन्हा दाबलं आणि कर्सर थेट `G187` वर. `D` मध्ये शेवटचा आकडा 202 व्या ओळीत आणि `G` मध्ये 187 व्या. सगळं कोडं तिथेच सुटलं.

ओळ 188 पूर्ण कोरी होती. ती मीच सोडली होती. वादातली बिलं आमच्याकडे सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या खात्यात ठेवतात, त्यामुळे त्यांची यादी वेगळी निघते. 186 बिलांची मुख्य यादी ओळ 2 ते 187, मग दिसायला बरं म्हणून एक ओळ मोकळी, आणि त्याखाली वादातली 14 बिलं, ओळ 189 ते 202.

चौकोनावरचा डबल क्लिक शीटचा शेवट शोधत नाही. तो शेजारचा सलग भरलेला डेटा बघतो आणि तो जिथे संपतो तिथे थांबतो. सगळे रकाने रिकामे असलेली ओळ आली की त्याच्या दृष्टीने यादी संपली. जुन्या आवृत्त्यांमध्ये तर, 2007 पर्यंत, शेजारच्या रकान्यातला एकच कोरा सेलही पुरायचा. 2010 पासून तो आजूबाजूचे बाकीचे रकानेही बघतो, त्यामुळे एखादा सुटा कोरा सेल चालून जातो, पूर्ण कोरी ओळ नाही. आणि आपण थांबलो हे तो कुठे सांगतही नाही. फॉर्म्युले सरसर खाली जाताना दिसतात तेव्हा आपण मनाशी धरून चालतो की पोचले तळापर्यंत.

पुढचं काम `SUM` ने केलं. `=SUM(G2:G202)` मध्ये काही चूक नव्हती. पण `SUM` कोऱ्या सेलकडे दुर्लक्ष करतो, तक्रार करत नाही. त्या 14 ओळींत `#VALUE!` आला असता तर बेरीजही फुटली असती आणि मला दोन मिनिटांत कळलं असतं.

आणि लेजरशी जुळणी? ती `D` ची होती. `D` सॉफ्टवेअरमधून येतो, लेजरही त्याच सॉफ्टवेअरचं. म्हणजे जो रकाना चुकण्याची शक्यता सगळ्यात कमी, त्याचीच मी दर महिन्याला कसून तपासणी करत होते. जो रकाना मी स्वतःच्या हाताने तयार केला त्याला ताळा पाहायला काहीच नव्हतं. हे लक्षात आल्यावर मला माझंच थोडं हसू आलं.

किती फरक पडला ते पाहू. 14 बिलांची बाकी 6,15,000. त्यातली 11 वर्षाच्या वरची, त्यांची बाकी 5,20,000, प्रोव्हिजन 2,60,000. उरलेली तीन 180 ते 365 दिवसांतली, बाकी 95,000, प्रोव्हिजन 23,750. एकूण सुटलेली रक्कम 2,83,750. खरी प्रोव्हिजन 5,95,200 हवी होती आणि मी दाखवली होती 3,11,450. ओळींच्या हिशेबाने सुटल्या फक्त 7 टक्के, बाकीच्या हिशेबाने 11 टक्के, पण प्रोव्हिजनच्या हिशेबाने जवळजवळ निम्मी. तळाशी सहसा कुठलीही ओळ योगायोगाने येत नाही. उशिरा आलेली, वेगळ्या खात्यातली, वादातली, हाताने चिकटवलेली बिलंच तिथे असतात. म्हणून "शेवटच्या चार ओळी तर आहेत" असं म्हणून हे सोडून देऊ नये.

थोडं विषयांतर. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांच्या 2010 मधल्या, सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्यावरच्या गाजलेल्या अभ्यासात असंच झालं होतं. देश ओळ 30 ते 49 मध्ये होते आणि सरासरीचा फॉर्म्युला 30 ते 44 चा. खालचे पाच देश सुटले: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क. 2013 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ शीट मागवून ते शोधलं. त्या अभ्यासावरचे आक्षेप मुख्यतः दुसऱ्याच गोष्टींवर होते, सुटलेल्या ओळींचा वाटा त्यात लहान होता. पण तिथेही सुटल्या त्या शेवटच्याच ओळी, आणि एररही कुठे दिसत नव्हता.

पहिली दुरुस्ती, आणि तिच्यातला खड्डा

घाईत सगळ्यांना सुचतो तो उपाय मीही केला. डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या `Name Box` मध्ये `E2:G202` टाइप केलं, `Enter`, मग `Ctrl`+`D`. निवडलेल्या पट्ट्यातली पहिली ओळ तळापर्यंत उतरते, मध्ये कोरी ओळ असो वा नसो. डबल क्लिकपेक्षा ही पद्धत कधीही बरी, कारण शेवटची ओळ कोणती ते तुम्ही स्वतः लिहून सांगता. फक्त फिल्टर लावलेला नाही ना ते आधी बघून घ्या. फिल्टर असेल तर भरणं फक्त दिसणाऱ्या ओळींतच होतं आणि लपलेल्या तशाच राहतात.

मग मोजणी ठेवली:

```
=COUNT(D2:D202)-COUNT(G2:G202)
```

`COUNT` फक्त आकडे मोजतो. भरण्याआधीच्या स्थितीत याचं उत्तर 14 आलं असतं. भरल्यानंतर शून्य यायला हवं होतं, आलं उणे 1. म्हणजे बाकी 200 ओळींत आणि प्रोव्हिजन 201 ओळींत. तो जास्तीचा आकडा 188 व्या कोऱ्या ओळीत उतरलेला होता. `E188` उघडून बघितलं तर त्या नसलेल्या बिलाला पंचेचाळीस हजारांहून जास्त दिवस झालेले! तारीख कोरी म्हणजे एक्सेलच्या लेखी शून्य, आणि त्याची दिवसांची मोजणी 1900 सालापासून सुरू होते. दर 50 टक्के लागला, पण बाकीही कोरी असल्यामुळे प्रोव्हिजन शून्य आली. बेरजेला धक्का नाही, मोजणीने मात्र पकडलं. ओळ 188 काढून टाकली, उत्तर शून्य झालं, यादी आता ओळ 2 ते 201.

शून्यासाठी फॉरमॅटही बदलला. शून्य लपवायचं असेल तर निदान डॅश तरी दिसू द्यावा:

```
#,##0.00;-#,##0.00;"-"
```

आता हिशेब होऊन शून्य आलं तर डॅश दिसतो, हिशेबच झाला नसेल तर सेल रिकामा. हा बदल मला त्या वेळी किरकोळ वाटला होता.

जुन्या फाइली उघडल्या. आधीच्या दोन महिन्यांतही तीच कोरी ओळ आणि तीच पोकळी. त्याआधी वादातली बिलं मुख्य खात्यातच होती, म्हणून त्या फाइली बरोबर होत्या. सरांनी विचारलं, "हा फरक अंदाजातला बदल म्हणून दाखवायचा का?" मी नको म्हटलं. प्रोव्हिजन हा अंदाज असतो हे खरं, पण अंदाज बदलला नव्हता, दर तेच होते, बिलं तीच होती. ही आकडेमोडीची चूक होती, आणि हिशेबाच्या मानकांमध्ये, उदाहरणार्थ IAS 8 मध्ये, अंदाजातला बदल आणि चूक या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत. वर्षाची विवरणं अजून प्रसिद्ध झालेली नव्हती, मधले महिने आतल्या आत वापरायचे होते. म्हणून चालू महिन्यात पूर्ण 2,83,750 ची नोंद केली, खर्चाला नावे, प्रोव्हिजनला जमा, आणि खाली कारण स्पष्ट लिहिलं. आधीच्या दोन अहवालांत किती कमी धरलं गेलं होतं तेही एका ओळीत जोडलं. हेच प्रसिद्ध झालेल्या वर्षाच्या बाबतीत आणि लक्षणीय रकमेचं असतं, तर मागचे आकडे बदलून मांडावे लागले असते. ते काम वेगळंच.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच

पुढच्या महिन्यात मी कोरी ओळ सोडली नाही. बेरजाही खालून उचलून `J` रकान्यात वर आणल्या होत्या, म्हणजे यादी वाढली तरी बेरजेवर चिकटायला नको. मागच्या महिन्याची फाइल कॉपी केली आणि नवी यादी जुनीवर चिकटवली. बिलं 200 ची 215 झाली होती, म्हणजे शेवटची ओळ 201 ऐवजी 216.

एकूण बाकी लेजरशी जुळेना. कारण दिसतच होतं, `SUM` अजून 201 पर्यंतच होता. रेंजच्या मध्ये ओळ घातली तर रेंज आपोआप वाढते, पण रेंजच्या खाली नुसता डेटा चिकटवला तर तिला त्याचा पत्ता नसतो. मी दोन्ही बेरजा 216 पर्यंत केल्या. बाकी जुळली. मोजणीच्या सेलकडे बघितलं, शून्य. निश्चिंत झाले.

आमच्याकडचा ज्युनियर शीट चाळत होता. म्हणाला, "मॅडम, खालच्या ओळींमध्ये डॅशपण नाहीये."

`E`, `F`, `G` चे फॉर्म्युले 201 व्या ओळीवर थांबले होते. जुन्या फाइलमध्ये ते तिथपर्यंतच होते, आणि मी फक्त `A` ते `D` चिकटवलं होतं. खालच्या 15 ओळी कोऱ्या, त्यात वादातली 14 बिलं पुन्हा तशीच, कारण ती याही वेळी तळाशीच होती.

आणि मोजणी शून्य कशी? तिची रेंजही 201 पर्यंतच होती. तिथपर्यंत 200 बाक्या, 200 प्रोव्हिजन, वजाबाकी शून्य. जी चूक पकडायला मी ती मोजणी ठेवली होती, तीच चूक त्या मोजणीतही होती. बेरजेची रेंज मी दुरुस्त केली कारण ती लेजरशी भिडली आणि ओरडली. तपासणीची रेंज कशाशीच भिडत नव्हती.

म्हणून तपासणीत ओळींचे नंबर लिहायचेच नाहीत, अख्खा रकाना घ्यायचा. बेरजा `D` आणि `G` मध्ये नाहीत याची खात्री करून:

```
=COUNT(D:D)-COUNT(G:G)
```

शीर्षकं मजकूर असतात, ती मोजली जात नाहीत. यादी कितीही लांबली तरी ही मोजणी तिच्या मागोमाग जाते. हेच नव्या फाइलवर टाकलं आणि उत्तर आलं 15.

मोजणीने ओळ सुटल्याचं कळतं, पण ओळीत चुकीचा आकडा बसला असेल तर कळत नाही. त्यासाठी मी आणखी एक आकडा ठेवला आहे, जो `E`, `F`, `G` ला हातच लावत नाही. सगळ्यात जड पट्टा म्हणजे वर्षावरची बिलं. त्यांची प्रोव्हिजन सरळ तारीख आणि बाकीवरून:

```
=SUMIFS(D:D,C:C,"<"&J1-365)*50%
```

त्याच्या शेजारी तोच पट्टा ओळींच्या बाजूने:

```
=SUMIFS(G:G,E:E,">365")
```

हे दोन आकडे दोन वेगळ्या वाटांनी येतात. पहिल्या महिन्यात हे असतं तर दोघांमध्ये बरोबर 2,60,000 चा फरक दिसला असता. प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे दशांशाच्या दोन घरांत बसवली जात असल्यामुळे शेवटच्या घरात थोडाफार फरक पडू शकतो, त्याच्या मागे लागू नका.

मूळ दुखण्यावरचा उपाय

मोजणी चूक झाल्यावर सांगते. ती होऊच नये म्हणून यादीचं टेबल करायचं. यादीत कुठेही उभं राहून `Ctrl`+`T`, शीर्षकं आहेत या चौकटीवर खूण, आणि `Table Design` मध्ये टेबलाला नाव. मी `tblDues` ठेवलं. शीर्षकं `BillDate`, `Balance`, `Days`, `Rate`, `Provision` अशी एकेक शब्दाची ठेवली. फॉर्म्युला मग असा होतो:

```
=ROUND([@Balance]*[@Rate],2)
```

एका ओळीत लिहिला की पूर्ण रकान्यात बसतो. नवी यादी टेबलापेक्षा लांब असेल तर चिकटवताना टेबल खाली वाढतं आणि फॉर्म्युले नव्या ओळींत स्वतःहून उतरतात. बेरीज `=SUM(tblDues[Provision])` अशी लिहायची. तिच्यात ओळीचा नंबरच नाही, त्यामुळे शिळा होण्यासारखं काही उरत नाही.

टेबललाही मर्यादा आहेत, आणि त्यातली एक माझ्या जुन्या सवयीचीच आहे. टेबलाखाली एक ओळ मोकळी सोडून डेटा चिकटवला तर टेबल वाढत नाही, तो डेटा बाहेरच राहतो. `Total Row` चालू असेल तर तिच्या खाली चिकटवलेलंही आत येत नाही, म्हणून ती मी बंद ठेवते. एखाद्याच्या मशीनवर टेबल वाढतच नसेल तर `AutoCorrect Options` मधल्या `AutoFormat As You Type` खाली `Include new rows and columns in table` बंद केलेलं असण्याची शक्यता आहे. उलटा प्रकारही होतो: नवी यादी आखूड असेल तर मागच्या महिन्याच्या उरलेल्या ओळी टेबलात तशाच राहतात. पण त्या वेळी बाकी लेजरशी जुळत नाही, त्यामुळे ते पटकन कळतं.

फॉर्म्युल्यावर कुणी हाताने आकडा टाइप केला तर टेबल तो चालवून घेतं, कोपऱ्यात फक्त हिरवा त्रिकोण येतो. `COUNT` ला तोही आकडाच वाटतो. तशी शंका असेल तर आकड्यांऐवजी फॉर्म्युले मोजावे लागतात:

```
=ROWS(tblDues)-SUMPRODUCT(--ISFORMULA(tblDues[Provision]))
```

`ISFORMULA` 2013 पासूनच्या एक्सेलमध्ये आहे. हे मी दर महिन्याला बघत नाही, फाइल दुसऱ्या कुणाच्या हातून आली असेल तेव्हा बघते.

तिसऱ्या महिन्यात टेबलवर यादी चिकटवली, फॉर्म्युले तळापर्यंत उतरले, ज्युनियरने डॅश बघून घेतले. मोजणीच्या सेलमध्ये मात्र उणे 1. कोरी ओळ कुठेच नव्हती. एकूण बाकी लेजरपेक्षा बरोबर एका बिलाएवढी कमी होती. शेवटी वादातल्या यादीतली एक बाकी सापडली, जी सेलच्या डाव्या कडेला चिकटून बसली होती: आकडा मजकूर म्हणून आलेला. गुणाकार करताना एक्सेलने त्याला आकडा मानून प्रोव्हिजन काढली होती, पण `SUM` आणि `COUNT` ने `D` मध्ये त्याला मोजलंच नव्हतं. सेलवरच्या खुणेतून `Convert to Number` केलं, मोजणी शून्यावर आली, बाकी जुळली आणि फाइल सरांकडे गेली.